गच्चीवरचा एक्सपान्शन जॉइंट : दरवर्षी मे महिन्यात भरतो, दरवर्षी पावसात गळतो

मुठाकाठ (१९ एप्रिल)

आमची इमारत सिंहगड रोडच्या बाजूला आहे. पार्किंग आणि वर चार मजले. लांबी ८४ मीटर, रुंदी १४ मीटर, बरोबर मध्यावर जिन्याशेजारी एक्सपान्शन जॉइंट, म्हणजे इमारतीचे दोन भाग उन्हाथंडीने फुगायला-आकसायला मोकळे राहावेत म्हणून ठेवलेली फट. नकाशात फट २५ मिमी दाखवली आहे. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर चायना मोझॅक. जॉइंटला लागून असलेल्या चौथ्या मजल्यावरच्या दोन्ही फ्लॅटमध्ये दर पावसाळ्यात छत ओलं होतं, आणि गेल्या वर्षी तर दुसऱ्या मजल्याच्या लॉबीतही पाणी उतरलं.

गेली तीन वर्षं मे महिन्यात हेच काम होतंय. वरची भेग खरवडायची, पॉलिसल्फाइडचं रबरी सीलंट भरायचं, वरून वॉटरप्रूफिंगचे दोन कोट मारायचे. यंदाही तसंच कोटेशन आलंय. डिसेंबरमध्ये वर गेलो तर भरलेलं सीलंट एका कडेने सुटून त्यात नखं जाईल एवढी फट दिसते. माल हलका आहे, की पद्धत चुकतेय?

पेठकर (१९ एप्रिल)

४५ मीटरपेक्षा लांब इमारतीला जॉइंट लागतो हे बांधकामाच्या कोडमध्येच आहे, त्यामुळे तुमच्याकडे तो असणं बरोबर आहे. पण जॉइंट पायापर्यंत कापलेला असायला हवा. तसा नसेल तर खालून इमारत अडकलेली राहते आणि सगळा ताण वर गच्चीत येतो. आधी पाया तपासून घ्या. माझ्या मते मूळ दोष तिथे असेल.

सरळरेषा (१९ एप्रिल)

पेठकर, ४५ मीटरचा आकडा बरोबर आहे. आयएस ४५६:२००० मध्ये तो आहे, पण तो तराजूतलं वजन नव्हे. ४० मीटरची इमारत एल आकाराची असेल, किंवा एक भाग दोन मजली आणि दुसरा सात मजली असेल, तर जिथे आकार किंवा उंची बदलते तिथे लांबी कमी असूनही जॉइंट द्यावा लागतो. सरळ आयताकृती इमारतीत मात्र लांबीच पाहायची.

पायाचं तसं नाही. जमिनीखाली वर्षभरात तापमान फारसं हलत नाही, म्हणून तापमानासाठीचा जॉइंट पायाच्या वर थांबला तरी चालतो. शेजारी-शेजारी दोन कॉलम आणि खाली दोघांचं एकच फुटिंग, ही नेहमीची रचना आहे. पायापर्यंत कापावं लागतं ते दोन भाग वेगवेगळे खचणार असतील तेव्हा, म्हणजे अर्धी इमारत खडकावर आणि अर्धी भरावावर असेल तेव्हा. इथे मूळ दोष तिथे नाही.

मुठाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. काम मे महिन्यात होतं आणि डिसेंबरमध्ये सीलंट सुटलेलं दिसतं. हा हिशेब एकदा मांडून बघू.

जॉइंट मध्यावर, म्हणजे प्रत्येकी ४२ मीटरचे दोन तुकडे. प्रत्येक तुकडा साधारण आपल्या मध्यापासून दोन्हीकडे फुगतो, त्यामुळे जॉइंटकडे एका बाजूने २१ मीटर आणि दुसऱ्या बाजूने २१ मीटर अशी ४२ मीटरची हालचाल येते. आपल्याकडचं काँक्रीट काळ्या बेसॉल्टच्या खडीचं. त्याचं प्रसरण कोडमध्ये दर अंशाला एका मीटरमागे ०.००८ ते ०.००९५ मिमी दिलंय. ०.००९ धरा. कोबा असल्यामुळे स्लॅब उघड्या फरशीइतका तापत नाही, तरी जानेवारीची पहाट ते मे महिन्याची संध्याकाळ यात स्लॅबच्या सरासरी तापमानात ३० अंशांचा फरक धरायला हरकत नाही.

```
42 × 0.009 × 30 = 11.3 mm
```

म्हणजे फट वर्षभरात सुमारे ११ मिमी उघडझाप करते. मध्यम हवेत ती २५ मिमी असेल तर मे महिन्याच्या संध्याकाळी साधारण १९ आणि जानेवारीच्या पहाटे साधारण ३० राहील. नेहमीचं दोन घटकांचं पॉलिसल्फाइड भरतानाच्या रुंदीच्या २५ टक्के ताण आणि २५ टक्के दाब सहन करतं. २५ मिमीच्या फटीत भरलं तर साडेपाच मिमी इकडे, साडेपाच तिकडे, म्हणजे २२-२३ टक्के. कसंबसं बसतं. तेच मे महिन्यात दुपारी चार वाजता १९ मिमीच्या फटीत भरलं, तर त्यापुढे ते फक्त ताणलंच जाणार, १९ वरून ३० पर्यंत. हे ५८ टक्के झाले. एक कड सुटणारच, मग डबा कितीही महाग असो.

पावसाळ्यात हवा थंडावते तेव्हाच निम्मी फट उघडते. उरलेलं काम थंडी करते. पुढच्या मे महिन्यात फट पुन्हा मिटते, वरून भेग बारीक दिसते, तिथेच पुन्हा खरवडून भरलं जातं. चक्र असं चालू आहे.

निशिगंध (२० एप्रिल)

आमच्या गच्चीवर आम्ही दर तीन मीटरवर कटरने खाचा मारून घेतल्या आणि त्यात सीलंट भरलं. दोन वर्षं झाली, कोब्याला एकही भेग नाही. तुम्हीही अशा जास्तीच्या खाचा मारल्यात तर एकाच जागी एवढी हालचाल येणार नाही ना?

सरळरेषा (२० एप्रिल)

निशिगंध, त्या खाचा वेगळ्या कामाच्या. वरचा थर सुकताना आकसतो, त्याला कुठे फाटायचं ते आपण ठरवून देतो. म्हणून त्या थराच्या पाव जाडीइतक्याच असतात. खालचा स्लॅब मात्र सलग राहतो आणि ४२ मीटर एकदमच सरकतो. त्या खाचांनी मुठाकाठ यांच्या फटीतला एक मिमीही कमी होणार नाही. तुमच्या कोब्यासाठी केलंत ते योग्यच आहे.

विटेवरची_वीट (२० एप्रिल)

वीस वर्षं हीच कामं घेतो, म्हणून थोडं वेगळं सांगतो. हिशेब मान्य. पण सोसायटीची बैठक मार्चमध्ये होते, पैसे एप्रिलमध्ये जमतात, मिस्त्री मे महिन्यात मिळतो. नोव्हेंबरमध्ये गच्चीचं काम करा म्हटलं तर कोणी ऐकत नाही. मे महिन्यातही हे काम टिकतं, फक्त पहाटे साडेपाच ते आठ या वेळात भरायचं, आणि २५ टक्क्यांऐवजी ५० टक्के हालचालीचं पॉलियुरेथेन किंवा लो मॉड्युलस, म्हणजे सहज ताणलं जाणारं, सिलिकॉन घ्यायचं. डब्यावर किंवा तांत्रिक पत्रकात हा आकडा लिहिलेला असतो. लिहिलेला नसेल तर तो माल घेऊ नये.

आणि मुठाकाठ, तुमच्या कामात पद्धतही चुकतेय असं मला वाटतं. "भेग खरवडून" म्हणता, म्हणजे फट मोकळी केलीच नाही. आत काय आहे? बहुतेक जुन्या कामांत शटरिंगची प्लाय नाहीतर थर्माकोल तसाच राहिलेला असतो, त्यावर कोब्याचा माल पडलेला असतो आणि सीलंट थेट त्या मालावर बसतं. मग ते दोन्ही कडांना आणि तळालाही चिकटतं. सीलंट रबरबँडसारखं दोन टोकांना धरलेलं असावं, म्हणजे मधून बारीक होऊन ताणलं जातं. तळही धरला की त्याला बारीक व्हायला जागा राहत नाही आणि ते कडेला फाटतं. तुमचं नखं जाईल ते फाटणं या दोन्ही कारणांनी असू शकतं.

मुठाकाठ (२० एप्रिल)

आज एका ठिकाणी उघडून पाहिलं. विटेवरची_वीट म्हणतात तसंच आहे. वर सीलंट जेमतेम ५ मिमी, खाली सिमेंटचा माल, त्याखाली कुजलेली प्लाय. आणि कोबा तर जॉइंटवरून सलग गेलेला आहे. जॉइंट फक्त स्लॅबमध्ये आहे, कोब्यात आणि मोझॅकमध्ये नाही. जी "भेग" आम्ही दरवर्षी भरत होतो ती कोबा आपोआप फाटलेली रेघ होती.

सरळरेषा (२० एप्रिल)

मग तर सीलंटचा विचार नंतर. जॉइंट स्लॅबपासून मोझॅकपर्यंत, पॅरापेटमधून, त्याच्या कोपिंगमधून आणि बाहेरच्या गिलाव्यातून एकाच रेषेत सलग हवा. मध्ये कुठेही एक पट्टा जरी बांधला गेला, तरी तो तिथे फाटतो आणि पाणी आत घेतो. आत शिरलेलं पाणी कुजलेल्या प्लायमधून आडवं धावतं, म्हणून ते दुसऱ्या मजल्याच्या लॉबीत दिसलं. ओल दिसते त्याच्या डोक्यावरच छिद्र असतं असं जॉइंटच्या बाबतीत धरू नका.

काम करण्याआधी एक चाचणी करून घ्या. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मीटरवर चिकणमाती किंवा मालाची बुटकी पाळ घाला. आधी फक्त एका बाजूच्या गच्चीत ५० मिमी पाणी २४ तास ठेवा, जॉइंट कोरडा ठेवा. मग दुसऱ्या बाजूला तसंच. शेवटी दोन पाळींच्या मध्ये, जॉइंटवर. पहिल्या दोन वेळी ओल आली तर दोष कोब्यात किंवा पॅरापेटच्या वाट्यात, म्हणजे गच्ची आणि पॅरापेटच्या कोपऱ्यातल्या गोलाईत आहे, आणि एकट्या जॉइंटवर खर्च करून गळती थांबणार नाही.

चाचणीत जॉइंटच दोषी निघाला तर मी कर्ब, म्हणजे फटीच्या दोन्ही काठांना उंच पट्टी, करण्याच्या बाजूने आहे. सपाट जॉइंटवर पाणी उभं राहतं आणि सगळी भिस्त १२ मिमीच्या रबरावर येते. दोन्ही बाजूंचा कोबा जॉइंटपासून २०० मिमी काढायचा. स्लॅबमध्ये ३०० मिमी अंतरावर ८ मिमीच्या सळया इपॉक्सीत बसवून फटीच्या दोन्ही काठांवर १०० मिमी रुंद आणि तयार गच्चीपासून १५० मिमी उंच काँक्रीटची पट्टी ओतायची. मध्ये २५ मिमीचा थर्माकोल धरायचा, आणि नंतर तो पूर्ण काढायचा. हे काढणं राहून गेलं की पुन्हा तोच प्रकार. कोबा कर्बला गोल वाटा मारून संपवायचा, म्हणजे पाणी जॉइंटपासून दूर वाहील.

कर्बच्या मध्ये सीलंट, आणि वरून २ मिमी ॲल्युमिनियमचं टोपण, दोन्ही बाजूंना ५० मिमी खाली वळवलेलं. स्क्रू फक्त एकाच बाजूला. दोन्हीकडे स्क्रू मारले की टोपण स्वतःच इमारत धरून ठेवायला बघतं, आणि पहिल्या थंडीत स्क्रूची भोकं लांबट होतात. तुकड्यांचा जोड १०० मिमी चढवून घ्या.

विटेवरची_वीट (२१ एप्रिल)

कर्ब उत्तम, पण आधी पाण्याचे पाइप मोजा. कर्बने गच्चीचे दोन भाग होतात. आतापर्यंत एका भागाचं पाणी जॉइंट ओलांडून दुसऱ्या भागातल्या पाइपात जात असेल, तर कर्ब झाल्यावर पहिल्या भागाचं तळं होईल.

सीलंट भरण्याचा क्रम असा ठेवा. दोन्ही कडा ग्राइंडरने पक्क्या काँक्रीटपर्यंत घासायच्या, वायर ब्रश, मग ब्लोअर. पाण्याने धुवायच्या नाहीत. धुतल्या तर पूर्ण सुकेपर्यंत थांबायचं. तुटलेल्या कडा इपॉक्सी मॉर्टरने आधी सरळ करून घ्यायच्या. मग बॅकर रॉड, म्हणजे बंद छिद्रांची फोमची दोरी. ती फटीपेक्षा पाव पट जाड हवी, २२ मिमी फटीला २८ किंवा ३० मिमी. ती स्क्रूड्रायव्हरने ढोसू नका. फोम फाटला की आतली हवा सीलंटमध्ये फुगे करते. एका लाकडी पट्टीला खाच पाडून तिने सारख्या खोलीवर बसवा. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी, म्हणजे २२ मिमीला ११-१२ मिमी. कडांना मास्किंग टेप, सीलंटच्याच कंपनीचा प्रायमर, तो सांगितलेल्या वेळात सुकला की लगेच भरणं. दोन घटकांचा माल असेल तर संथ गतीच्या मिक्सरने रंग एकसारखा होईपर्यंत ढवळायचा. डब्याच्या तळाला आणि कडेला रेघा राहिल्या तर तेवढा भाग कधीच घट्ट होत नाही.

मालाचा अंदाज : २२ × १२ मिमी म्हणजे मीटरला २६४ मिली. रुंदी १४ मीटर आणि दोन्ही पॅरापेटची आतली बाजू एकेक मीटर धरून १६ मीटर, म्हणजे सव्वाचार लिटर. वाया जाणारं धरून पाच लिटर मागवा. कोटेशनमध्ये याच्या निम्मा माल लिहिला असेल, तर खोली पाच मिमीच ठेवणार आहेत असं समजा.

सिलिकॉन घेतलंत तर त्यावर नंतर कोणताही वॉटरप्रूफिंग कोट चिकटत नाही. आणि कोट मुळात जॉइंटवरून न्यायचाच नाही, कडेला थांबवायचा.

पाषाणभेद (२१ एप्रिल)

आमचा पोडियम साठेक मीटर लांब आहे, दोन वर्षांपूर्वीच बांधून झाला. जॉइंटवरून गाड्या जातात. बिल्डरने ताबा देतानाच पॉलिसल्फाइड भरलं होतं, ते आता जागोजागी दोन्ही कडांपासून सुटलंय आणि कडांचे टवके उडालेत. आम्हीही पहाटे ५० टक्क्यांचं भरलं तर चालेल का?

सरळरेषा (२१ एप्रिल)

पाषाणभेद, तुमच्याकडे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे काँक्रीट नवं होतं. ते पुढची काही वर्षं सुकत आकसतं आणि फट कायमची रुंद होत जाते. कोडमध्ये एकूण आकसण्याचा अंदाज ०.०००३ आहे. जॉइंट मध्यावर असेल तर तुमच्याकडे जॉइंटला ३० मीटरची हालचाल येईल, म्हणजे ९ मिमी. सळयांमुळे प्रत्यक्षात थोडं कमी. ताबा देतानाच भरलेल्या सीलंटला तापमानाच्या हालचालीखेरीज हेही झेलावं लागलं. मुठाकाठ यांची इमारत जुनी आहे, तिथे हा भाग संपलेला आहे.

दुसरं म्हणजे चाकं. नुसतं सीलंट चाकांसाठी नसतंच. टायर ते खाली दाबतो, खडा रुततो, आणि उघडी कड चाकाच्या ठोक्याने तुटते. तिथे कडा कापून खाच करायची, इपॉक्सी मॉर्टरच्या पक्क्या कडा बांधायच्या आणि धातूच्या चौकटीतली रबरी पट्टी किंवा एका बाजूला पक्की केलेली स्टीलची प्लेट बसवायची. ती पोडियमच्या पातळीच्या वर यायला नको. तुमच्या जॉइंटची रुंदी पहाटे आणि संध्याकाळी मोजून टाका, मग पुढे बोलू.

पेठकर (२२ एप्रिल)

पायाचं समजलं, धन्यवाद. एक शंका राहते. ही २५ मिमीची फट भूकंपासाठी पुरेशी आहे का? दोन्ही भाग हलले तर एकमेकांवर आपटतील ना?

सरळरेषा (२२ एप्रिल)

शंका रास्त आहे. भूकंपासाठीची फट मजल्यांवर आणि सांगाड्याच्या प्रकारावर ठरते आणि बहुधा तापमानाच्या फटीपेक्षा मोठी निघते. आयएस ४३२६ मध्ये २५ मिमी ही किमान रुंदी आहे, उंचीबरोबर ती वाढते. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे झोन तीनमध्ये आहे. या इमारतीला २५ मिमी पुरते का, हे सांगाड्याचं गणित केल्याशिवाय मी सांगणार नाही. एवढं नक्की की फट मालाने किंवा प्लायने बुजलेली असेल तर ती २५ मिमी उरलेलीच नाही. ती मोकळी करण्याचं हेही एक कारण.

मुठाकाठ (२६ एप्रिल)

चाचणी झाली. दोन्ही बाजूंच्या गच्चीत पाणी ठेवून काहीच उतरलं नाही. जॉइंटवर ठेवलं आणि पाच तासांत छत ओलं झालं. पाऊस-पाइप दोन्ही भागांना वेगवेगळे आहेत, म्हणजे कर्बला अडचण नाही.

काल जॉइंट दोन टोकांना मोकळा करून व्हर्नियरने मोजला. रस्त्याकडच्या टोकाला सकाळी साडेसहाला २२ मिमी, संध्याकाळी सहाला १९ मिमी. मागच्या टोकाला सकाळी २१ आणि संध्याकाळी साडेवीस. दोन्ही टोकांत एवढा फरक का?

विटेवरची_वीट (२६ एप्रिल)

रस्त्याकडचे आकडे जवळपास हिशेबाप्रमाणे आहेत. दिवसात ३ मिमी म्हणजे स्लॅब आठ अंशांनी तापला. मागच्या टोकाला काहीतरी अडकलंय. पॅरापेटमध्ये जॉइंट आहे का? नसेल तर तो फोडावा लागेल. गच्चीवरची वीज-रोधक पट्टी आणि सोलरचे पाइपही बघा. जॉइंट ओलांडताना त्यांना वळसा दिलेला हवा.

मुठाकाठ (२६ एप्रिल)

पॅरापेटमध्ये दोन्हीकडे जॉइंट दिसतो. पट्टी सरळ ताणलेली आहे, पण ती रस्त्याकडच्या टोकाला आहे. मागच्या टोकाला वर काहीच नाही.

सरळरेषा (२७ एप्रिल)

पट्टीला वळसा द्याच, पण ती स्लॅब अडवू शकणार नाही. अडकलंय ते खाली असणार. दोन बीमच्या मध्ये काँक्रीट सांडून घट्ट झालेलं असतं, किंवा मधली प्लाय काढताना तुकडा राहून जातो. मागच्या बाजूच्या डक्टमधून चौथ्या मजल्याच्या बीमखाली टॉर्च लावून फटीतून आरपार दिसतं का पाहा. बीमच्या कोपऱ्याला तिरकी भेग किंवा सुटलेला टवका दिसला तर ती जागा तीच. तिथे हातोडा चालवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

ते मोकळं होईपर्यंत पक्कं सीलंट भरू नका, कारण अडथळा निघाल्यावर हालचाल बदलेल. या पावसाळ्यासाठी कर्ब आणि टोपण करून घ्या, आणि टोपणाखाली ईपीडीएम रबराची पट्टी दोन्ही कर्बवर १०० मिमी चिकटवून मध्ये ढिली, फटीत ४० मिमी लोंबती ठेवा. जानेवारीत फट ३० मिमी झाली तरी ती ताणली जाणार नाही. सीलंट नोव्हेंबरअखेर, फट २४-२५ मिमी असताना.

विटेवरची_वीट (२७ एप्रिल)

ढिली पट्टी आणि टोपण एवढ्यावर पॅरापेटचा उभा भाग सुटतो. तिथे लोंबती पट्टी बसत नाही. तेवढे उभे दोन मीटर मी आत्ताच पहाटे ५० टक्क्यांच्या सीलंटने भरून घेईन, नोव्हेंबरमध्ये गरज पडली तर बदलू.

सरळरेषा (२७ एप्रिल)

रस्त्याकडच्या पॅरापेटला मान्य. मागच्या टोकाला नको, ते अजून हललेलंच नाही. तिथे बाहेरून आणि आतून धातूची पट्टी एका कडेला पक्की करून लावा.

मुठाकाठ (३० एप्रिल)

डक्टमधून पाहिलं. मागच्या बीममध्ये साधारण ४०० मिमी लांबीत फट बुजलेली आहे, आरपार उजेड दिसत नाही. खालच्या कोपऱ्याला टवका उडून सळई उघडी पडली आहे. फोटो इंजिनिअरला पाठवलेत, ते शनिवारी येतायत. तोवर कर्बसाठी कोबा काढायला सुरुवात केली तर काही बिघडेल का?

सरळरेषा (३० एप्रिल)

मधला भाग काढा. मागच्या टोकाचे शेवटचे दीड मीटर तसेच ठेवा, शनिवारपर्यंत.